व्हॅल्यू इटरेशन म्हणतंय दुरुस्ती नको, छापील उत्तर उलटं. मदत हवी आहे

सबमिशनग्रस्त: उद्या जमा करायचंय, लवकर सांगा. मशीनच्या दोन स्थिती आहेत, ठणठणीत (G) आणि झिजलेलं (W). G मध्ये चालवलं की दिवसाला 10 मिळतात, दुसऱ्या दिवशी 0.8 शक्यतेने G, 0.2 ने W. W मध्ये चालवलं तर 4 मिळतात आणि ते W च राहतं. W मध्ये दुरुस्ती केली तर 5 जातात, पण उद्या नक्की G. माझा कोड म्हणतो W मध्येही चालवतच राहा. छापील उत्तर: दुरुस्ती करा. बेलमनचं समीकरण बरोबर टाकलंय, उगाच तिथे शंका नको.

खटपट्या: क्यू-लर्निंग वापर. शक्यतांची भानगडच नाही.

मावळतीकर: अहो, शक्यता त्याला दिलेल्याच आहेत, मग शिकायचं काय? धागाकर्ते, गॅमा किती? आणि लूप कधी थांबवताय?

सबमिशनग्रस्त: गॅमा 0.9, सांगायचं राहिलं. थांबतो असा:

```
if new_policy == old_policy:
    break
```

पेठकर: हे तर बरोबरच आहे. पॉलिसी बदलायची थांबली की संपलं, आम्हाला असंच शिकवलंय. गॅमा 1 करून बघ.

मावळतीकर: गॅमा 1 केला तर बेरीज वाढतच जाईल, आकडा कुठे टेकणारच नाही. आणि तुम्ही सांगताय तो नियम पॉलिसी इटरेशनचा. घोळ नेमका तिथेच आहे. समीकरण हे:

```
V(s) = max_a [ R(s,a) + γ Σ P(s'|s,a) V(s') ]
```

म्हणजे आज हातात पडेल ते, अधिक उद्या जिथे पोचू तिथल्या किमतीची सरासरी, गॅमाने कापून. पर्यायांपैकी ज्याची बेरीज मोठी, तो घ्यायचा. उजवीकडचा V अजून ठाऊक नसतो, म्हणून शून्यापासून सुरू करून तेच गणित पुन्हा पुन्हा करायचं.

आता हाताने करा. पहिल्या फेरीत G = 10. W ला चालवणे 4, दुरुस्ती −5, म्हणून W = 4. दुसऱ्या फेरीत G = 10 + 0.9 × (8 + 0.8) = 17.92. W ला चालवणे 4 + 3.6 = 7.6, दुरुस्ती −5 + 9 = 4. पुन्हा 'चालवा'. सलग दोन फेऱ्या पॉलिसी तीच, म्हणून तुमचा कोड इथेच बाहेर पडला. तिसरी फेरी करा: चालवणे 4 + 6.84 = 10.84, दुरुस्ती −5 + 16.128 = 11.128. उलटलं!

पहिल्या दोन फेऱ्यांचं उत्तर चुकीचं नाही. k व्या फेरीचा V म्हणजे फक्त k दिवस उरलेत असं धरून मिळणारी सर्वोत्तम कमाई. दोनच दिवस उरले असतील तर दुरुस्तीवर 5 कोण घालवेल? तीन उरले की परवडतं.

पेठकर: मग पॉलिसी इटरेशनमध्ये तोच नियम कसा चालतो?

मावळतीकर: तिथे प्रत्येक पॉलिसीची शेवटपर्यंतची पूर्ण किंमत आधी काढतात. 'नेहमी चालवा' धरलं तर W = 40, G = 61.43. मग दुरुस्तीचे −5 + 55.29 = 50.29, ते 40 पेक्षा जास्त. पहिल्याच खेपेला पॉलिसी बदलते. इथे थांबायचं ते V वरून:

```
if max(abs(Vn[s] - V[s]) for s in V) < 0.01:
    break
```

गॅमा 0.9 असल्याने दोन फेऱ्यांतला मोठ्यात मोठा फरक दर फेरीला निदान दहा टक्क्यांनी घटतो. शेवटी तो 0.01 च्या खाली आला की खऱ्या किमतीपासून तुम्ही फार तर त्याच्या नऊपट, म्हणजे 0.09 इतके दूर.

निवृत्त_फिटर: झिजलेलं मशीन कायम 4 देत राहतं हे कुणी सांगितलं? आमच्याकडे स्पिंडलचं बेअरिंग वाजायला लागलं की आठवडाभरात जॉब रिजेक्ट व्हायचे, मग मशीनच जाम. तिसरी स्थिती हवी, बंद पडलेली.

खटपट्या: काका, गृहपाठाचं मशीन आहे ते.

निवृत्त_फिटर: असू दे. पण स्थितीच चुकीच्या धरल्या तर समीकरण काय करील बिचारं?

सबमिशनग्रस्त: चाललं! G 77.0, W 64.3, आणि W मध्ये दुरुस्ती. पण गॅमा 0.5 ठेवला तर पुन्हा 'चालवा' येतंय. आता काय बिघडलं?

मावळतीकर: काही नाही. 0.5 ला उद्याची किंमत निम्मी होते. कायम चालवलं तर W = 8, G = 18, आणि दुरुस्तीचे −5 + 9 = 4 च. गॅमा साधारण 0.68 च्या वर गेला की दुरुस्ती जिंकते.

पेठकर: म्हणजे गॅमा ठरवेल तोच उत्तर ठरवतो. मग हा 0.9 आणला कुठून?

सबमिशनग्रस्त: प्रश्नात दिलाय. मी जातो, रिपोर्ट टाईप करायचाय.

निवृत्त_फिटर: आणि दुरुस्तीला एकच दिवस? स्पेअर यायलाच चार दिवस लागतात.