पंपरूमचं कुलूप: फोटोवरून कसं ओळखायचं?

सुनीता (ए-२०३): पंपरूमचं कुलूप पुन्हा अडकलं. दुकानातून तीन कुलपांचे फोटो टाकतेय. दुकानदार गोल कुलपाला 'डिस्क लॉक' म्हणतोय. कुठलं घेऊ?

जोशीकाका (बी-१०१): सुनीता, नुसत्या आकारावरून फसायला होतं. चावीचं भोक अगदी समोरून दिसेल आणि शेजारी चावी असेल, असे फोटो पाठव.

सुनीता: हे घ्या काका.

जोशीकाका: पहिलं लिव्हरचं. चावी पत्र्यासारखी सपाट, टोकाशी पायऱ्या कापलेल्या, आणि भोक म्हणजे सरळ चीर. आत एकावर एक पट्ट्या असतात, प्रत्येकीला आपली स्प्रिंग. चावी फिरली की एकेक पायरी एकेक पट्टी ठरलेल्या उंचीवर उचलते. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच कडी सुटते. एखादी पट्टी जास्त उचलली गेली तरी उघडत नाही. आपलं जुनं कुलूप याच जातीचं.

राहुल (सी-४०२): मग ते का अडकतं?

जोशीकाका: पंपरूममधली ओल. स्प्रिंग गंजली की पट्टी वरच अडकून राहते, खाली येत नाही. चावी आत जाते, अर्धी फिरून थांबते, आणि कुलूप ठोकलं की कधीतरी उघडतं. ही त्याची खूण. आपण दरवेळी खोबरेल घालतो, त्यात धूळ बसून चिकटा होतो. तेलाऐवजी ग्राफाइटची पूड घालायला हवी होती.

राहुल: म्हणजे गोलवालं डिस्क घेऊया?

जोशीकाका: ते डिस्क नाही रे! त्याच्या चावीला करवतीसारखे दात आहेत, भोक नागमोडी आहे. म्हणजे आत पिना, आणि पिनांनाही स्प्रिंगा. गोल अंगामुळे कडी झाकली जाते, कापायला अवघड, एवढाच फायदा. खरं डिस्क तिसऱ्या फोटोत आहे. भोक अर्धचंद्रासारखं, चावी जाड अर्धगोल कांबीसारखी, वर तिरके काप. आत चकत्या असतात. चावी प्रत्येक चकती वेगवेगळ्या कोनात फिरवते, कडेच्या खाचा जुळल्या की बाजूची बारीक दांडी त्यांत उतरते आणि गाभा फिरतो. फिनलंडमध्ये १९०७ साली ही रचना निघाली. चकत्यांना स्प्रिंग लागत नाही, म्हणून ओल-थंडीत ते टिकतं.

मेघना (ए-५०१): चावीची कटकटच नको, नंबरवालं घेतलं तर?

जोशीकाका: मेघना, फोटोत किती चाकं दिसतात ते मोज. तीन चाकं म्हणजे फक्त १,००० आकडे. एका आकड्याला दोन सेकंद धरले तरी ३५ मिनिटांच्या आत सगळे फिरवून होतात. स्वस्तातल्या कुलपात तर कडी ओढून धरली की खाच असलेलं चाक हाताला वेगळं लागतं. सायकलला ठीक, पंपरूमला नको.

सुनीता: मग तिसरं घेते.

जोशीकाका: घे, पण कडीची जाडी विचार. पोलाद चांगलं की नाही ते फोटोत दिसत नाही, आणि कडी आपल्या कोयंड्यात शिरली पाहिजे.

सुनीता: कोयंड्याचं भोक आत्ता मोजून टाकते.