'रुग्णांचे अनुभव' म्हणताना अनुभव कोणता? ग्राउंडेड थिअरी, फिनॉमिनॉलॉजी की आशय विश्लेषण

स्नेहल
एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधाचं माझं शीर्षक आहे 'हेमोडायलिसिसवर असलेल्या रुग्णांचे अनुभव'. 14 मुलाखती झाल्यात. प्रत्येक वीस-पंचवीस मिनिटांची, डायलिसिस चालू असताना मशीनशेजारी बसून, हातात 11 प्रश्नांची यादी. मार्गदर्शकांनी पद्धत म्हणून 'फिनॉमिनॉलॉजी' लिहायला सांगितलं. परीक्षक म्हणाले, ग्राउंडेड थिअरी का नाही? मैत्रीण म्हणते, हे सरळ आशय विश्लेषण आहे. मला मराठीत सारांश लिहायचाय. या तिघांना मराठीत काय म्हणायचं आणि 'अनुभव' हा एकच शब्द तिघांना चालतो का?

बापूसाहेब
सोपं आहे. ग्राउंडेड थिअरी म्हणजे पायाभूत सिद्धांत, फिनॉमिनॉलॉजी म्हणजे घटनाशास्त्र, आणि तिसऱ्याला आशय विश्लेषण हा रूढ शब्द आहेच. निवड संख्येवर करतात. पाच-सहा मुलाखती असतील तर फिनॉमिनॉलॉजी. बारा झाल्या की संपृक्तता येते, म्हणजे नवं काही ऐकू येत नाही, मग ग्राउंडेड. त्याहून पुष्कळ असतील तर आशय विश्लेषण. तुमच्या 14 आहेत, म्हणजे परीक्षकांचं बरोबर आहे.

मृण्मयी
बापूसाहेब, 'घटनाशास्त्र' म्हटलं की मला राज्यघटना आठवते. :) 'प्रतिभासशास्त्र' वाचलंय, पण त्यात आभासाचा वास येतो. रुग्णाचं दुखणं खोटं आहे असं म्हटल्यासारखं वाटतं. 'पायाभूत सिद्धांत' तर उलटाच अर्थ देतो. पायाभूत म्हणजे ज्यावर बाकीचं उभं राहतं ते. इथे पाया विदाचा, म्हणजे गोळा केलेल्या माहितीचा आहे आणि सिद्धांत सगळ्यात शेवटी उगवतो. मी 'विदाजन्य सिद्धांत' म्हणेन. जीभ अडखळते, पण दिशा तरी बरोबर.

मुख्य प्रश्न मात्र 'अनुभव'चा आहे. जर्मनमध्ये दोन शब्द आहेत. एर्लेबनिसमध्ये 'जगणे' हे क्रियापद दडलंय, एरफारुंगमध्ये 'प्रवास करणे'. आपल्याकडे नाम एकच, पण क्रियापदं बघा. 'मी ते अनुभवलं', 'मला दहा वर्षांचा अनुभव आहे', 'त्यांनी अनुभव सांगितले'. पहिल्यात माणूस त्या क्षणात आहे, दुसऱ्यात बरंच चालून आलाय, तिसऱ्यात बाहेर उभा राहून बोलतोय. तुमच्या शीर्षकात क्रियापदच नाही, म्हणून तिघंही त्यावर हक्क सांगताहेत.

दत्तू
आमच्या वडिलांचं डायलिसिस चार वर्षं चाललं. आठवड्याला तीनदा, दर खेपेला चार तास. अनुभव विचाराल तर सांगतो. सकाळी सातची वेळ द्यायचे आणि खुर्ची मिळायची साडेनवाला. बिलाच्या खिडकीवर वेगळी रांग. सुई टोचणारा रोज नवा. तक्रारवहीत लिहिलं, कुणी वाचली नाही. हे प्रबंधात नक्की घ्या.

स्नेहल
दत्तूदादा, वाईट वाटलं वाचून. पण मी सेवेबद्दल विचारत नव्हते, संशोधनाच्या पद्धतीबद्दल विचारत होते.

काकदृष्टी
स्नेहल, दत्तूंना बाजूला सारू नकोस, तुझ्या प्रश्नातला चौथा अर्थ त्यांनीच दाखवला. रुग्णालयं 'रुग्ण अनुभव' म्हणतात तेव्हा त्यांना हेच हवं असतं: किती थांबावं लागलं, नीट समजावून सांगितलं का, वेदनेकडे लक्ष दिलं का. परीक्षक या खात्यातून आलेला असेल तर तुझं शीर्षक वाचून तो तेच शोधेल.

आता पद्धतींबद्दल. व्याख्या राहू देत. एखादं वाक्य दे मुलाखतीतलं, ओळख पटणार नाही असं.

स्नेहल
हे घ्या. पन्नाशीचे गृहस्थ, तीन वर्षं डायलिसिसवर:

"आता सवय झालीय. आधी मी सिस्टरला विचारायचो, आज किती पाणी काढणार? आता मीच सांगतो, दोनच लिटर काढा. तीन काढलं की दुपारभर माझा मी नसतो."

काकदृष्टी
सोनं आहे हे. आता तिघांना एकेक करून वाचायला देऊ.

आशय विश्लेषण करणारी कात्री घेऊन बसते. 'दोनच लिटर काढा' हा एक अर्थघटक, त्याला कोड 'पाणी किती काढायचं ते स्वतः सांगणे'. 'दुपारभर माझा मी नसतो' हा दुसरा, कोड 'डायलिसिसनंतरचा थकवा'. बाकीच्या 13 मुलाखतींतले असेच कोड शेजारी ठेवून वर्ग करायचे. शेवटी हाती येतो नकाशा: रुग्ण कशाकशाबद्दल बोलतात, त्यात काय सारखं, काय वेगळं. बोललेल्याच्या जवळ राहायचं की खालचा अर्थही काढायचा, हे आधी ठरवावं लागतं. पण दोन्हीकडे कच्चा माल म्हणजे सांगितलेला मजकूरच.

ग्राउंडेडवाला 'आधी' आणि 'आता' या दोन शब्दांवर थांबतो. विचारणारा माणूस सांगणारा कसा झाला? मध्ये काय घडलं? एखाद्या दिवशी जास्त पाणी निघालं, रक्तदाब घसरला, पायात गोळे आले, आणि त्या दिवसापासून तो बोलायला लागला? की शेजारच्या खुर्चीवरच्या जुन्या रुग्णाने शिकवलं? मग तो मुद्दाम अशा माणसाकडे जातो जो तीन वर्षांनंतरही काही सांगत नाही, आणि अशाकडे ज्याने सांगितलं पण सिस्टरने ऐकलं नाही. पुढची मुलाखत कुणाची, हे मागच्या मुलाखतीतून ठरतं. ही पद्धत मांडणाऱ्या ग्लेसर आणि स्ट्रॉस यांनी 1960 च्या दशकात मरणासन्न रुग्णांवर काम केलं, तेव्हा हाती आलेली गोष्ट 'रुग्णांना काय वाटतं' याची यादी नव्हती. आपण मरणार हे रुग्णाला ठाऊक नाही. त्याला संशय आहे. दोन्ही बाजूंना ठाऊक आहे पण सोंग चालू आहे. सगळं उघड आहे. अशा चार अवस्था, आणि एकीतून दुसरीत माणसं कशी सरकतात, हे त्यांनी मांडलं. 'सरकतात' हे क्रियापद नसेल तर ती ग्राउंडेड थिअरी नाही.

फिनॉमिनॉलॉजीवाली शेवटच्या चार शब्दांपुढे जातच नाही. 'दुपारभर माझा मी नसतो.' थकलो म्हणाला नाही तो. मग त्या दुपारी कोण असतं? स्वतःचे हात परके वाटतात का? वेळ कशी सरते? बायको बोलते ते ऐकू येतं पण पोचत नाही, असं काही? तिला तासभर त्या एकाच दुपारीत राहायचंय.

मृण्मयी
व्वा. आणि कोडमध्ये 'थकवा' लिहिलं की 'माझा मी नसतो' संपलं!

काकदृष्टी
त्या पद्धतीचा दोष नाही तो, तिचं कामच ते. 14 जणांपैकी कोणकोण थकव्याबद्दल बोललं हे सांगायचं असेल तर शब्द सपाट करावेच लागतात.

बापूसाहेब
पण मग संख्येचं काय? बारा हा आकडा माझ्या मनातला नाही, लेखात वाचलाय.

काकदृष्टी
वाचला असणार. 2006 सालचा गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा लेख. त्यांनी 60 मुलाखतींचे कोड मागे जाऊन तपासले आणि पहिल्या बारातच बहुतेक सगळे आलेले दिसले. पण ते बऱ्यापैकी सारख्या लोकांना विचारलेले, ठरीव प्रश्नांचे, विषयवार कोड होते. ग्राउंडेडमध्ये संपृक्तता मुलाखतींना येत नाही, वर्गाला येते. 'पाणी किती काढायचं ते सांगू लागणे' हा वर्ग घेतला तर तो कोणत्या परिस्थितीत घडतो, कधी अडतो, त्याने काय होतं, हे नव्या माणसाकडून नवं कळेनासं झालं की मग. आठव्या मुलाखतीला होईल किंवा तिसाव्याला. 'नवीन काही ऐकू आलं नाही' एवढ्यावर ती जाहीर करणारे प्रबंध मी पोत्याने वाचलेत. फिनॉमिनॉलॉजीत तर हा शब्दच उसना आहे. कमी माणसं घेतात हे बापूसाहेबांचं बरोबर, पण ते खोल जायचं म्हणून. पद्धतीवरून संख्या ठरते, संख्येवरून पद्धत नाही.

स्नेहल
म्हणजे ग्राउंडेड थिअरी बाद? मी सगळ्या मुलाखती आधी उरकल्या, मग टंकन, आता कोडिंग.

काकदृष्टी
त्या नावाने तरी बाद. मुलाखत आणि विश्लेषण हातात हात घालून चाललं नाही, पुढचा माणूस शोधायला गेलीच नाहीस. शेवटी 'खुलं कोडिंग' हा ग्राउंडेडचा शब्द टाकून ते भरून निघत नाही. अजून परवानगी असेल, चार-पाच जणांना मुद्दाम शोधून भेटता येत असेल, तर बोलू. पण नीतिसमितीच्या अर्जात 14 हा पक्का आकडा लिहिला असशील, तर दुरुस्ती मागावी लागेल.

फिनॉमिनॉलॉजीचं सांगतो ते जरा कडू लागेल. तुझ्या यादीतला चौथा-पाचवा प्रश्न काय आहे?

स्नेहल
चौथा: 'पाण्याचं पथ्य पाळताना कोणत्या अडचणी येतात?' पाचवा: 'कुटुंबाचा आधार मिळतो का?'

काकदृष्टी
दोन्ही प्रश्नांत उत्तराचा साचा तूच दिलायस: अडचणी, आधार. समोरचा त्यात भरतो. 'परवाच्या डायलिसिसनंतर घरी गेलात ती दुपार सांगा' असं विचारलं असतंस तर गोष्ट वेगळी. त्यात सिस्टर शेजारून फिरतेय, मशीन मध्येच वाजतंय. वीस मिनिटांत 'माझा मी नसतो' आलं हेच नवल. त्याच्यावर पुढे काय विचारलंस?

स्नेहल
:( पाचवा प्रश्न.

मृण्मयी
आणि स्नेहल स्वतः त्या वॉर्डात काम करत असेल तर फिनॉमिनॉलॉजीतलं ते 'कंसात ठेवणं', म्हणजे आधीच्या समजुती बाजूला धरणं, कसं जमणार? हा शब्दही फसवा आहे बरं का. मराठीत कंसात टाकलं म्हणजे गौण झालं. फिनॉमिनॉलॉजीचा जनक हुसर्ल मुळात गणितातला, आणि गणितात कंसातलं पुसलं जात नाही, फक्त वेगळं धरून ठेवतात.

स्नेहल
सहा वर्षं केलंय. 'दोनच लिटर काढा' ऐकलं तेव्हा मनात पहिलं आलं, 'म्हणजे पथ्य पाळत नाही, दोन डायलिसिसच्या मध्ये वजन वाढवून येतो'.

काकदृष्टी
हेच लिहून ठेव, कुठल्याही पद्धतीत उपयोगी पडेल. मात्र कंसात ठेवावं का, यावर फिनॉमिनॉलॉजीवाल्यांतच दोन तट आहेत. तत्त्वज्ञ हायडेगरच्या वाटेने जाणारे म्हणतात, पूर्वग्रह काढून ठेवता येत नाही, त्याच्यासकटच अर्थ लागतो.

माझं मत विचारशील तर आशय विश्लेषण घे, वर्ग मुलाखतींतूनच वर येऊ देत, आणि शीर्षक बदल: 'हेमोडायलिसिसवरील रुग्ण आपल्या अनुभवांबद्दल काय सांगतात'.

मृण्मयी
हे मला पूर्ण पटत नाही. त्या चार शब्दांसारखी आणखी तीन-चार ठिकाणं निघाली, तर त्याच माणसांना परत भेटून, मशीनपासून दूर, तासभर बसता येईल. चार माणसं फिनॉमिनॉलॉजीला कमी नाहीत. आणि माझी तीन क्रियापदं मला आता जास्तच गुळगुळीत वाटताहेत. अनुभवलेलं शेवटी कळतं सांगण्यातूनच ना?

काकदृष्टी
कळतं सांगण्यातूनच. पण तू त्या सांगण्याला काय विचारतेस, ते तिघांत वेगळं. परत भेटायची कल्पना चांगली आहे, वेळ असेल तर. प्रबंध जमा करायला किती दिवस आहेत?

स्नेहल
सात आठवडे. मार्गदर्शकांना आज शीर्षक बदलायचं विचारलं. म्हणाले, 'फिनॉमिनॉलॉजी' शब्द राहू दे, भारदस्त दिसतो. उद्या प्रश्नांची यादी पुढे ठेवून पुन्हा विचारते.

दत्तू
मी मघाशी चुकीचं समजलो होतो. पण ते 'माझा मी नसतो' वाचून आठवलं. वडील घरी आले की चहा पुढे ठेवायचो, तो तसाच गार व्हायचा. विचारलं तर म्हणायचे, "थांब, अजून पोचलो नाही मी." आम्हाला वाटायचं, दमले असतील.

काकदृष्टी
दत्तू, पोचायचे कधी साधारण?

दत्तू
दिवेलागणीला. कधी दुसऱ्या दिवशी. आणि परवा पुन्हा जायचंच असायचं.