मदत हवी आहे: रोजच्या कुकरसाठी स्टील घ्यावं की हार्ड ॲनोडाइज्ड?

आमचा पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर आता बदलायचाच आहे. आत पाण्याच्या पातळीपर्यंत काळा पट्टा चढलाय आणि तळाला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडलेत. आम्ही टोमॅटोची ग्रेव्ही थेट त्यातच शिजवायचो, उरली तर रात्रभर तशीच ठेवायचो. आंबट आणि खारट पदार्थ ॲल्युमिनियमला खातात, हे खड्डे बघून पटलं. बाकी तक्रार नाही. हलका आहे, पटकन तापतो.

आंबटाला स्टील उत्तम, म्हणून मैत्रिणीचा कुकर आठवडाभर वापरून पाहिला. स्टील उष्णता नीट पसरवत नाही, म्हणून तळाला ॲल्युमिनियमची जाड चकती दिलेली असते. पण ती चकती जिथे संपते, तिथे कडेला गोल रिंगणासारखी ग्रेव्ही करपली. आच तळाबाहेर जात होती की पाणी कमी पडलं, हे कळलं नाही. भांड्यात पाणी घालून आत डबे ठेवले तेव्हा मात्र काहीच अडचण आली नाही.

हार्ड ॲनोडाइज्डचा थर आंबटाला बराच टिकतो, पण डिशवॉशरच्या तीव्र पावडरने उतरतो असं वाचलंय. आमच्याकडे भांडी डिशवॉशरमध्येच जातात. शिवाय इंडक्शनवर चालायला त्याच्या तळाला स्टीलची पट्टी लागतेच.

ज्यांनी तीन थरांचं, म्हणजे कडेपर्यंत ॲल्युमिनियम असलेलं स्टील वापरलंय, त्यांनी कृपया सांगा: कडेचं करपणं खरंच थांबतं का? आणि ॲनोडाइज्ड हाताने घासून किती वर्षं टिकला?