वर्षाच्या मध्येच परदेशी जाताना: शाळेला पत्र कसं दिलंत, दाखला कधी घेतलात? (अनुभव धागा)

मोगरा_पुणे
यांची दुबईला बदली झाली आहे. मुलगी पाचवीत, पुण्यात राज्य मंडळाची खासगी शाळा. दोघींचे व्हिसा दिवाळीनंतर येतील असं कंपनी म्हणते, म्हणजे जानेवारीत निघू. घरात दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात, दाखला आत्ताच काढून ठेवा, आयत्या वेळी हेलपाटे नकोत. हे म्हणतात, विमानात बसायच्या आदल्या दिवशी घेऊ. ज्यांनी हे केलंय त्यांनी आपापला अनुभव लिहा. कुठल्या देशात गेलात तेही सांगा.

शारजाकर
सासूबाईंचंही नको आणि यांचंही नको. यूएईसाठी दाखल्यावर शिक्क्यांची रांग लागते: आधी शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मग राज्य सरकारचं साक्षांकन, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, शेवटी यूएईचा दूतावास. एजंटाकडे दिलं तरी काही आठवडे धरा. हे सगळं मूळ दाखल्यावर होतं, झेरॉक्सवर नाही. आदल्या दिवशी घेतलात तर कागद भारतात आणि तुम्ही इकडे, मग भावाच्या मागे लागा.
आणि आत्ताच घेतलात तर पोरीचं नाव पटावरून जातं. आमच्या शेजाऱ्यांचं तेच झालं. दाखला ऑगस्टमध्ये घेतला, व्हिसा लांबला, मुलगा घरी बसून. त्याच शाळेने परत घेताना नव्याने प्रवेश शुल्क मागितलं.
आम्ही मधला रस्ता काढला. व्हिसा हातात आला त्याच आठवड्यात अर्ज दिला आणि निघायच्या साधारण दीड महिना आधी दाखला हातात घेतला. तोवर इकडच्या शाळेने आमच्याकडून हमीपत्र घेऊन जागा धरून ठेवली होती. तुमच्या शाळेला ते चालतं का, हे आधी विचारा.

कोकणातला_बाप
एवढं काही नाही हो. परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का घ्यायचा, सगळ्या देशांत चालतो. आणि आरटीई कायद्याप्रमाणे मुख्याध्यापकांना दाखला ताबडतोब द्यावाच लागतो, एक दिवसही अडवता येत नाही. ठणकावून सांगा.

शारजाकर
अपोस्टिल हेग करारातल्या देशांपुरतं. यूएई त्यात नाही, म्हणून तर दूतावासापर्यंत जावं लागतं. ओमानला गेलेल्या मित्राचं मात्र अपोस्टिलवर भागलं.

जनरल_रजिस्टर
मी शाळेच्या कार्यालयात बावीस वर्षं काढली. ठणकावणाऱ्या पालकांचंही काम आम्ही करतो, पण त्यांची फाइल वर येत नाही, एवढंच सांगते.
आरटीईत 'ताबडतोब' आहे हे खरं. पण ते आठवीपर्यंत, आणि ते कलम देशातल्या देशात शाळा बदलण्याच्या हक्काबद्दल आहे. परदेशी जाणाऱ्याला ते कितपत लागू, यावर आमच्याकडेच दोन मुख्याध्यापकांची दोन मतं होती.
खरी अडचण वेगळीच असते. दाखला म्हणजे जनरल रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल. तिथे आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टात क्रम वेगळा, कधी स्पेलिंगही वेगळं. जन्मस्थळ रजिस्टरला 'सातारा' आणि पासपोर्टला 'कराड', असंही पाहिलंय. नाव पटावर आहे तोवर जन्मदाखला जोडून अर्ज दिला की दुरुस्तीचा मार्ग असतो. एकदा शाळा सोडली की तीच दुरुस्ती महाकठीण. म्हणून पत्राच्या आधी एक काम करा: कार्यालयात जा, रजिस्टरचं पान उघडायला सांगा आणि पासपोर्ट शेजारी धरून अक्षर न् अक्षर वाचा.
मूळ दाखला एकदाच मिळतो. हरवला तर पोलीस तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि मग 'दुय्यम प्रत' असा शिक्का असलेला कागद. तो परदेशात दाखवताना प्रश्न येतात.

ऱ्हाइनकाठी
आम्ही जर्मनीत आहोत. इथे तुमचा तो दाखला कुणी विचारलाच नाही! वय पाहून वर्ग ठरवला. मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, त्यांचं शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर, आणि गोवरच्या लशीचा पुरावा. तो मात्र २०२० पासून सक्तीचा आहे, त्याशिवाय पुढे सरकत नाही. आमचं लसीकरणाचं पिवळं कार्ड नागपूरच्या कपाटात राहिलं होतं, दिराने उघडून फोटो पाठवला तेव्हा सुटलो.
दाखला तरी घेऊन ठेवला. परत आलो तर लागेल.

परतीच्या_वाटेवर
छान धागा. आम्ही उलट अमेरिकेतून फेब्रुवारीत ठाण्याला येतोय, मुलगा सातवीत. तिथल्या शाळेकडून दाखला कसा मागायचा? तिथे असं काही देतच नाहीत म्हणे.

जनरल_रजिस्टर
तुमचा प्रश्न वेगळा आहे, नवा धागा काढा, लिहिते तिकडे. तिथल्या शाळेकडून गुणपत्रकं आणि अमुक तारखेपर्यंत मुलगा शिकत होता असं पत्र एवढं घेऊन ठेवा.

मोगरा_पुणे
सगळ्यांचे आभार. काल रजिस्टर पाहिलं, आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, दुरुस्तीचा अर्ज दिला. आता हे पत्र लिहिलंय, बघता का:

"मा. मुख्याध्यापक, स. न. वि. वि. माझी मुलगी (इ. ५ वी, तुकडी ब, जनरल रजिस्टर क्र. —) आपल्या शाळेत शिकते. पतीच्या नोकरीनिमित्त आम्ही जानेवारीत दुबई येथे स्थलांतर करत असल्याने तिचा शाळा सोडल्याचा दाखला तातडीने मिळावा, ही विनंती."

जनरल_रजिस्टर
'तातडीने' काढा. या पत्रावर मी असते तर दुसऱ्याच दिवशी नाव कमी केलं असतं. दोन पत्रं करा. पहिलं आत्ता, फक्त सूचनेचं: स्थलांतर होणार आहे, व्हिसा आल्यावर दाखल्याचा अर्ज देऊ, तोवर नाव पटावर ठेवावं आणि व्हिसाच्या कामासाठी बोनाफाइड द्यावं. दुसरं व्हिसा आल्यावर. त्यात असं लिहा:

"तिचा शाळेतील शेवटचा दिवस — राहील. त्या तारखेचा दाखला इंग्रजी नमुन्यात, पासपोर्टप्रमाणे नाव पडताळून, परदेशात सादर करण्यासाठी मिळावा. प्रथम सत्राचं प्रगतिपुस्तक आणि मागील वर्षाचा निकाल सही-शिक्क्यासह मिळावा. ग्रंथालय व शुल्काची बाकी नसल्याचा दाखला सोबत जोडला आहे."

दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक घालून घ्या. शेवटचा दिवस तुम्ही लिहिला नाहीत, तर कारकून अर्जाची तारीख धरतो.

शारजाकर
अजून एक. जानेवारीत दाखला घेतलात तर त्यावर 'पाचवीत शिकत आहे' असं येईल, 'उत्तीर्ण' नाही. इकडच्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. जानेवारीत लगेच पाचवीत बसवलंत तर मार्चमध्ये तिथलीच परीक्षा देऊन सहावीत जाईल. पण "दोन महिने आराम करू दे, एप्रिलपासून बघू" म्हणालात, तर पाचवी पूर्ण झाल्याचा कागद कुठून आणाल? आमच्या ओळखीतल्या मुलीला पुन्हा पाचवीत बसवलं.

मोगरा_पुणे
हे डोक्यातच नव्हतं. मग एकतर जानेवारीतच प्रवेश, नाहीतर मी आणि मुलगी इथे वार्षिक परीक्षेपर्यंत थांबतो. यांच्याशी बोलते.

कोकणातला_बाप
दुसऱ्या सत्राची फी भरलीत का? आमच्या शाळेने ती भरल्याशिवाय दाखला दिला नव्हता. एक दिवस वर्गात न बसता पूर्ण सत्राचे पैसे.

जनरल_रजिस्टर
सत्र सुरू व्हायच्या आधी लेखी कळवलं असेल तर भांडायला जागा असते. नंतर कळवलं तर शाळेच्या नियमावलीत काय छापलंय त्यावर. प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद शोधा.

मोगरा_पुणे
तोच सापडत नाहीये. दुसरं सत्र दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होतं, म्हणून पहिलं पत्र सोमवारी देऊन टाकते.