सॉल्व्हर म्हणतो हरभरा नको. ऐकायचं का?

बॅकबेंचर: लिनियर प्रोग्रामिंगची असाइनमेंट, अटींत बसणारा सर्वाधिक नफ्याचा पीक आराखडा सॉल्व्हर नावाच्या सॉफ्टवेअरने काढायचा. 10 एकर जमीन, 60 युनिट पाणी, वर्षाचे 400 मजूर-दिवस. एकरी गरज आणि नफा असा:
मका: पाणी 4, मजूर 20, नफा 12 हजार
टोमॅटो: 8, 50, 20 हजार
हरभरा: 2, 10, 7 हजार
उत्तर आलं 5 एकर मका, 5 एकर टोमॅटो, नफा 160 हजार. वर 50 मजूर-दिवस शिल्लक. माझं मत, मजुरांची अट काढूनच टाका. अडतंय ते पाण्यावर.

बांधावरचा: हरभरा शून्य? ही कागदावरची शेती. किमान 2 एकर हरभरा अशी अट घाला, विषय संपला.

जुना मास्तर: घाला, नफा 158 वर येईल. शॅडो प्राइस म्हणजे एखादं साधन एका युनिटने जास्त मिळालं तर नफा किती वाढेल ते. इथे जमिनीची एकरी 4 हजार, पाण्याची युनिटला 2 हजार. म्हणजे हरभऱ्याचा एकर 8 हजारांची साधनं खातो आणि 7 देतो. सक्तीच्या दर एकरामागे हजार गेले.

पण खरी चूक वेगळीच आहे. मजूर-दिवस काही माठात साठत नाहीत. उरलेले 50 दिवस ज्या महिन्यात काम नाही त्या महिन्यातले असतील! समजा तिन्ही पिकांची काढणी एकाच पंधरवड्यात येते, तेव्हा एकरी टोमॅटोला 13, मक्याला 8, हरभऱ्याला 3 दिवस लागतात आणि हाताशी 80 आहेत. तुमच्या आराखड्याला 105 हवेत. एवढी एक ओळ घालून पुन्हा सोडवा.

बॅकबेंचर: सोडवलं. 5 एकर टोमॅटो, 5 एकर हरभरा, नफा 135 हजार. मका गायब! पाणी 10 युनिट उरलं, त्याची शॅडो प्राइस शून्य.

बांधावरचा: बघा, हरभरा आलाच ना?

जुना मास्तर: आला, पण तुम्ही सांगितलेल्या कारणाने नाही.

टोळीवाली: आम्ही काढणीला बाहेरून टोळी आणतो, मजुरी जास्त पडते. मग ही अट आम्हाला लागूच नाही की!

जुना मास्तर: लागू आहे, फक्त थोडी सैल. त्या पंधरवड्यातल्या मजूर-दिवसाची शॅडो प्राइस 1.3 हजार आहे. नफा नेहमीची मजुरी वजा करून काढला असेल, तर त्या मजुरीच्या वर 1.3 हजारांपर्यंत जादा देणं परवडतं. पण दर जादा दिवसाला 0.1 एकर हरभऱ्याचा टोमॅटो होतो आणि पाणी 0.6 युनिट वाढतं. म्हणजे 16 दिवसांच्या थोडं पुढे पाणी संपतं आणि हा भाव मोडतो.

टोळीवाली: आणि टोमॅटोचा भाव पडला तर? तुमचे 20 हजार सरासरीचे ना?

जुना मास्तर: सरासरीचेच. नफ्याची चढउतार धरायची तर हेझेलची 1971ची मोटॅड पद्धत आहे, तीही लिनियर प्रोग्रामिंगनेच सुटते.

बांधावरचा: तिला मागच्या बऱ्याच वर्षांचे आकडे लागतात. दोन-चार हंगामांच्या नोंदीवर काय कळणार? त्यापेक्षा माझे 2 एकर बरे.