पट्टा तुटला की ग्रिडचं काय करायचं?

निशिगंधा: एक शेअर आठ महिने २०० ते २४० च्या पट्ट्यातच फिरतोय. २३६ पासून २०० पर्यंत दर ४ रुपयांनी १०० शेअर घेते, प्रत्येक खरेदी ४ रुपये वर गेली की विकते, अशी ग्रिड लावली आहे. स्टॉपलॉस नाही, कारण २०० च्या खाली तो गेलेलाच नाही. चुकतंय का?

धोंडोपंत: स्टॉपलॉस नकोच. नेमका तळाला विकाल आणि दुसऱ्या दिवशी भाव परत आत. पैसा उधारीचा नसेल तर धरून ठेवा.

बारामतीकर: उधारीचं बरोबर आहे, पण हिशोब मांडून बघा. एक फेरी पुरी झाली की ४०० रुपये, त्यातून दलाली आणि कर जाणार. भाव २०० ला टेकला की हातात १,००० शेअर, सरासरी २१८. म्हणजे पट्टा तुटायच्या आधीच १८,००० चा खड्डा, ४५ फेऱ्यांची कमाई. १८० झाला तर ३८,०००. तोवर खरेदीच्या सगळ्या पायऱ्या संपलेल्या असतात. मग ती ग्रिड राहत नाही, २१८ ने घेतलेले १,००० शेअर उरतात. आज एकदम एवढे घेतले असते का?

रानवारा: माझं तर वर तुटलं! २४० ला सगळे विकून बसलो, भाव ३१० ला गेला. चिडून ३०० च्या आसपास नवी ग्रिड लावली आणि तो माघारी आला. अजून अडकलोय.

बारामतीकर: वर तुटला तेव्हा हुकला तो फक्त नफा. पैसे गेले ते नव्या ग्रिडमुळे. तिथे पट्टा तयार झालाच नव्हता.

स्नेहल: स्टॉपलॉसवरही फार विसंबू नका. स्विस नॅशनल बँकेने ६ सप्टेंबर २०११ ला जाहीर केलं की युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. ग्रिडवाल्यांना याहून पक्का तळ कुठे मिळणार? १५ जानेवारी २०१५ ला बँकेने अचानक ती हमी काढून घेतली आणि काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्याही खाली. १.१९ च्या स्टॉपला त्या भावात घेणारा नव्हता, कित्येकांचे सौदे फार खाली सुटले. उधारीवर खेळणाऱ्यांची खाती उणे झाली.

निशिगंधा: मग १९६ च्या खाली बंद झाला की बाहेर पडू?

बारामतीकर: दिवसअखेरचा भाव धरा, मधली सुई नको. १९६ ला निघालात तर तोटा २२,०००. आठ महिन्यांत फेऱ्या किती झाल्या?

निशिगंधा: ३१. म्हणजे १२,४००.

बारामतीकर: म्हणजे एक तुटणंसुद्धा पेलत नाही. पायरी ८ रुपयांची करा. २३२ पासून २०० पर्यंत पाचच खरेद्या, फेरीला ८००, आणि १९६ ला निघालात तर तोटा १०,०००.

धोंडोपंत: पण ८ रुपयांची फेरी पुरी व्हायला भाव तेवढा हलायला हवा ना! ३१ च्या जागी ८ च होतील.

बारामतीकर: होऊ शकतं. जुन्या भावांवर मोजल्याशिवाय मीही सांगू शकत नाही. पण १९६, १९२ अशा नव्या खरेद्या मात्र खाली जोडू नका.

निशिगंधा: १९६ ची खरेदी कालच लावून ठेवली होती. आत्ता काढते.