मुदतीआधी मोडलेली आरडी आणि परत घेतलेले व्याज

प्रेषक: महेश
विषय: आईची आरडी मोडली, जमा दिसणारे व्याज कमी झाले

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील बेळगाव, खानापूर, निपाणी भागातच आहेत आणि त्यांच्या ठेवींचे व्यवहार आपण दुरून पाहतो, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे. माझ्या आईने खानापुरातील एका बँकेत 9 मे 2023 रोजी दरमहा 5,000 रुपयांची पाच वर्षांची आरडी 7 टक्के दराने उघडली होती. यंदा वळिवाच्या पहिल्याच पावसात घराच्या मागच्या पाखीची कौले उडाली आणि वासेही कुजलेले निघाले. मी पैसे पाठवेपर्यंत थांबायला ती तयार नव्हती. 28 एप्रिल 2025 रोजी शाखेत जाऊन तिने आरडी मोडली. तोपर्यंत 24 हप्ते, म्हणजे 1,20,000 रुपये भरून झाले होते.

मोडण्यापूर्वी काउंटरवर तिला 8,826 रुपये व्याज जमा असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात बचत खात्यात 1,26,877 रुपये आले, म्हणजे व्याज फक्त 6,877 रुपये धरले गेले. दंड एक टक्का असल्याचे तिला सांगितले गेले. तिने ज्या अर्जावर सही केली तो कन्नड आणि इंग्रजीत होता, आणि तिला त्या दोन्ही भाषा वाचता येत नाहीत. एकदा मिळालेले व्याज बँक परत कसे घेऊ शकते, आणि 1,949 रुपयांचा हा फरक कोणत्या हिशेबाने आला, हे कोणी समजावून सांगेल का?

आपला,
महेश

प्रेषक: शिवाजी
विषय: उत्तर: आईची आरडी मोडली

महेशराव, नमस्कार.

दंड एक टक्का म्हणजे 1,20,000 वर 1,200 रुपये. तेवढे कापायचा बँकेला अधिकार आहे, परंतु उरलेले 749 रुपये कशाबद्दल कापले हे त्यांनी लेखी दिलेच पाहिजे. माझ्या वडिलांची निपाणीच्या पोस्टातील आरडी आम्ही चौथ्या वर्षी बंद केली, तेव्हा तर पहिल्या हप्त्यापासून बचत खात्याच्याच दराने व्याज मिळाले आणि दंड असा वेगळा काही दाखवलाच नाही. बँकेने मात्र दोन्ही बाजूंनी घेतले आहे असे मला वाटते. आपण लेखी तक्रार करावी.

शिवाजी

प्रेषक: वसुधा
विषय: उत्तर: आईची आरडी मोडली

महेश, तुझ्या आईला तरी काही व्याज मिळाले. माझी एनआरई आरडी मी दहाव्या महिन्यात मोडली तर एक रुपयाही व्याज मिळाले नाही, कारण एनआरई ठेव एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय तिच्यावर व्याज देय होत नाही. आईंचे खाते कोणत्या प्रकारचे आहे ते आधी पाहा.

वसुधाताई

प्रेषक: अनंतराव
विषय: उत्तर: आईची आरडी मोडली

महेश, शिवाजीराव आणि वसुधाताई यांस नमस्कार.

माझी नोकरी बेळगाव आणि आसपासच्या शाखांत झाली आणि शेवटची बरीच वर्षे ठेवींच्याच टेबलावर गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वसुधाताईंचा नियम बरोबर आहे, परंतु तो एनआरई खात्याचा आहे. महेशच्या आई येथेच राहणाऱ्या, त्यांना तो लागू नाही. पोस्टाची पद्धतही निराळी आहे. तेथे तीन वर्षे झाल्याशिवाय खाते बंदच करता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीच्या एक दिवस आधी बंद केले तरी सगळ्या काळासाठी बचत खात्याचाच दर मिळतो.

बँकेत आरडी चालू असताना दर तिमाहीला जे व्याज धरले जाते, ते पाच वर्षे पूर्ण होतील असे गृहीत धरून 7 टक्क्यांनी धरलेले असते. ठेवीदाराला ते आपले झालेले व्याज वाटते, परंतु मुदत पाळली तरच तो दर पक्का होतो. ठेव मोडली की बँक पहिल्या हप्त्यापासून नवा हिशेब मांडते. खाते उघडले त्या दिवशीच्या दरपत्रकात, ठेव प्रत्यक्ष जितका काळ राहिली तेवढ्या मुदतीला जो दर होता, तो घेते आणि त्यातून दंडाचा टक्का वजा करते. आधी धरलेले व्याज आणि या नव्या हिशेबाचे व्याज यांतील फरक मागे घेतला जातो. भरलेल्या मुद्दलाला हात लागत नाही.

आपल्या आकड्यांवरून मी उलटा हिशेब करून पाहिला. 6,877 रुपये व्याज 5.5 टक्क्यांनी येते, म्हणजे दंडापूर्वीचा दर 6.5 टक्के असला पाहिजे. मुदत न पाळल्यामुळे 7 वरून 6.5 वर आल्याने 653 रुपये गेले आणि एक टक्का दंडाने 1,296 रुपये गेले. दोन्ही मिळून आपले 1,949 होतात. घरी ताळा पाहायचा असेल तर 24 ला 25 ने गुणून निम्मे करावे, म्हणजे 300. त्याला 5,000 ने गुणून 12 ने भागावे, म्हणजे 1,25,000. त्यावर 5.5 टक्के म्हणजे 6,875 रुपये. चक्रवाढीने थोडे वाढते आणि शेवटचा महिना अपुरा असल्याने जवळजवळ तेवढेच घटते, म्हणून येथे उत्तर इतके जुळते.

शिवाजीराव, आपले 1,200 आणि खरे 1,296 हे योगायोगाने जवळ आले आहेत. दंड हा भरलेल्या रकमेच्या एक टक्का नसून दरसाल व्याजदरातील एक टक्का आहे. पहिला हप्ता दोन वर्षे राहिला आणि शेवटचा जेमतेम तीन आठवडे, म्हणजे सरासरी एक वर्षाच्या थोडी वर मुदत झाली, म्हणून आकडे जुळल्यासारखे वाटतात. हीच आरडी याच दरांनी बाराव्या महिन्याअखेर मोडली असती तर दंडाचा भार 335 रुपयांच्या आसपास पडला असता, 600 नव्हे. आणि चार वर्षांनी मोडली असती तर साडेपाच हजारांच्या वर गेला असता, 2,400 नव्हे. आरडी जितकी जुनी, तितका तोच एक टक्का जड होतो, हे काउंटरवर सहसा कोणी सांगत नाही.

मला अधिक वाईट वाटते ते तारखेचे. 24 हप्ते भरले म्हणजे दोन वर्षे झाली असे घरोघरी धरले जाते. परंतु चोविसावा हप्ता 9 एप्रिलला भरला तेव्हा 23 महिनेच पूर्ण झाले होते, आणि 28 एप्रिलला दोन वर्षांना 11 दिवस कमी होते. त्यामुळे आपली ठेव एक ते दोन वर्षांच्या रकान्यात गेली असावी. महेश, 9 मे 2023 रोजी दोन ते तीन वर्षांच्या रकान्यात काय दर होता तो शाखेकडून मागवा. आजचे दरपत्रक चालणार नाही, त्या दिवसाचेच हवे. तो दर 7 पेक्षा अधिक निघाला तरी सहसा उपयोग होत नाही, कारण ठरलेला दर आणि त्या मुदतीचा दर यांपैकी जो कमी असेल तो धरण्याची अट बहुतेक बँकांत असते.

आपला,
अनंतराव

प्रेषक: महेश
विषय: उत्तर: आईची आरडी मोडली

अनंतकाका, मनापासून आभार.

शेजारच्या दादांनी शाखेत जाऊन जुन्या दरपत्रकाचा फोटो पाठवला. एक वर्ष ते दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीला 6.50, दोन वर्षे ते तीन वर्षांपेक्षा कमी मुदतीला 6.80 आणि पाच वर्षांना 7.00, असे तीन रकाने त्यात स्पष्ट दिसतात. आपण म्हणता तसेच झाले आहे. 9 मे रोजी, पंचविसावा हप्ता भरण्यापूर्वी आरडी बंद केली असती तर 5.8 टक्क्यांनी 7,489 रुपये व्याज मिळाले असते, असा माझा हिशेब येतो. हे 612 रुपये केवळ अकरा दिवसांमुळे गेले. आईला अकरा दिवस थांबणे शक्य नव्हते, कारण सुतार दुसऱ्या दिवशीच येणार होता. तरी दुसरा काही मार्ग होता का, हे कळावे.

महेश

प्रेषक: अनंतराव
विषय: उत्तर: आईची आरडी मोडली

महेश, मार्ग होता. जमा रकमेच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज अशा आरडीवर बहुतेक बँका देतात आणि त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के अधिक असतो. एक लाख रुपये 9 टक्क्यांनी अकरा दिवस वापरले असते तर सुमारे 271 रुपये व्याज पडले असते आणि 9 मे रोजी आरडी मोडून कर्ज फेडता आले असते. तुझे पैसे महिन्याभरात पोहोचणार असते, तर आरडी मोडायची गरजही राहिली नसती. परंतु गरज वर्ष-दीड वर्षाची असेल तर कर्जाचे व्याजच दंडाहून अधिक होते, तेव्हा ठेव मोडणेच बरे.

तक्रारीविषयी माझे मत असे आहे की हिशेबात चूक नाही, त्यामुळे 1,949 रुपये परत मिळणार नाहीत. ठेव स्वीकारतानाच दंडाचा दर ठेवीदाराला कळवावा, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे. तो 2023 मध्ये कळवला होता का, आणि आईंना समजेल अशा भाषेत कळवला होता का, हा मुद्दा मात्र लेखी विचारण्यासारखा आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे तक्रार करता येते. त्यातून 612 रुपये मिळतील असे मी म्हणत नाही.

अनंतराव

प्रेषक: वसुधा
विषय: उत्तर: आईची आरडी मोडली

अनंतराव, माझी दुसरी आरडी एनआरओ खात्यात आहे आणि तिच्या धरलेल्या व्याजातून दरवर्षी 31.2 टक्के टीडीएस कापला गेला आहे. ती मोडली आणि व्याज मागे घेतले, तर न मिळालेल्या व्याजावर कापलेला कर मला परत मिळेल का? गेल्या वर्षीचे विवरणपत्र तर मी पूर्ण व्याज दाखवून भरून टाकले आहे.

वसुधा

प्रेषक: अनंतराव
विषय: उत्तर: आईची आरडी मोडली

वसुधाताई, कापलेला कर सरकारकडे जमा झालेला असतो, तो बँक परत देत नाही. फॉर्म 26 एएसमध्ये तो आपल्या नावावर दिसेल आणि विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मागता येईल. परंतु मागील वर्षी उत्पन्न म्हणून दाखवलेले व्याज यंदा मागे घेतले, तर ते कोणत्या वर्षातून वजा धरायचे, याविषयी मी सनदी लेखापालांकडून दोन वेगवेगळी मते ऐकली आहेत. आरडी मोडण्यापूर्वी आपल्या लेखापालांना विचारा, आणि मोडताना बँकेकडून मागे घेतलेल्या व्याजाचे वर्षनिहाय पत्रक मागून घ्या.

अनंतराव

प्रेषक: महेश
विषय: उत्तर: आईची आरडी मोडली

काका, आईशी बोललो. दंडाच्या दराविषयीचे पत्र मराठीत लिहून शाखेत देण्याचे ठरले आहे. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेण्यास तिला सांगितले आहे. कौले बसली, मागच्या खोलीत आता पाणी येत नाही. तिच्या नावावर त्याच शाखेत आणखी एक आरडी आहे, 14 ऑगस्ट 2023 रोजी उघडलेली. ती मोडायची वेळ आलीच तर 14 ऑगस्टपूर्वी मोडू नये, एवढे तिने पासबुकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

महेश